मारुतीची आत्या

गेल्या वर्षी हनुमान जयंतीला आमच्या गल्लीतल्या बायकांनी मारुतीला कौसल्येच्या मांडीवर झोपवलं.

चूक कुणा एकीची नव्हती. औशात आमच्या गल्लीच्या तोंडाला मारुतीचं देऊळ आहे. चैत्री पौर्णिमेला दिवस उगवायला तिथं पुरुषमंडळी जन्म करतात, गुलाल उधळतात आणि उरलेला गुलाल एकमेकांच्या शर्टाला पुसतात. गाभाऱ्यात बायका जात नाहीत, ब्रह्मचारी देव म्हणून. मग बायकांनी आपला वेगळा जन्म काढला आहे. उमाबाईच्या घरी पाळणा टांगायचा, त्यात टोपडं घातलेला नारळ ठेवायचा आणि देवळातली घंटा वाजली की दोरी ओढायची. आता दोरी ओढायची म्हणजे पाळणा म्हणायला पाहिजे. बायकांना रामाचा पाठ, कृष्णाचा पाठ. मारुतीचा कुणालाच येईना. तेव्हा एकीनं युक्ती काढली, रामाचाच म्हणा, राम आला की मारुती घाला.

पहिली दोन कडवी निभावली. तिसऱ्यात कौसल्या आली. थांबायचं कुणी? पाळणा तर हलतोय. चौथ्यात दशरथानं मारुती झाला म्हणून साखर वाटली. त्याच वेळी देवळातून परतणारी मंडळी खिडकीशी उभी होती. पुढचे सहा महिने उमाबाई किराणा आणायला गेली तरी दुकानदार विचारायचा, "काय उमाबाई, दशरथ बरे हायत ना?"

म्हणून यंदा होळी झाल्या झाल्या उमाबाईनं जाहीर केलं, की पाळणा मोबाईलवरून लावायचा. तिच्या सुनेनं, पुनमनं, लग्नात मिळालेला स्पीकरचा बॉक्स पुसून ठेवला. "बायकांनी नुस्ती दोरी ओढायची. तोंड उघडायचंच न्हाई," उमाबाई म्हणाली.

हे ती सिंधुआत्याच्या गिरणीत दळण टाकताना म्हणाली, हीच तिची चूक.

सिंधुआत्या माझी सख्खी आत्या. शिरूर अनंतपाळला दिली होती, पण सासऱ्यानं औशात पिठाची गिरणी टाकली आणि ती फिरून माहेरच्याच गल्लीत आली. शिक्षण चौथी. पोरगा वैजनाथ विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला आहे आणि आईच्या गिरणीचा पट्टा सुटला की फोनवरून सल्ला देतो. आत्याच्या भुवया कायम पांढऱ्या. तिच्या भुवया काळ्या दिसल्या तर समजायचं आज वीज नव्हती.

या बाईचा खरा धंदा गिरणी असला तरी खरी ख्याती बारशाच्या पाळण्यांची. औशात कुणाच्या घरी बारसं असलं की चार दिवस आधी सिंधुआत्याला माहिती पुरवायची. मामा कोण, मावशी किती, आजोबांचा हट्ट काय. ती दळता दळता पाळणा जुळवणार. चाल ठरलेली, तीन ओळी एकाच यमकाच्या आणि चौथी "जो बाळा जो जो रे जो". कडवी बारा, कारण बाराव्या दिवशी नाव. पहिल्या दिवशी जन्म, पाचव्या दिवशी पाचवी, सहाव्याला सटवाई कपाळावर लिहून जाते. मधल्या दिवसांत नातेवाईक भरायचे. ते भरताना आत्या भीडभाड ठेवत नाही. एका पाळण्यात तिनं घातलं होतं की मामानं कडं आणलं सोन्याचं, वितळवून बघितलं तर पॉलिशचं. तो मामा अजून गिरणीपुढून जाताना रस्ता बदलतो.

"मारुतीचा पाळणा मी करते," आत्या त्या दिवशी पिठाचा डबा हाणत म्हणाली.

उमाबाई हसली. "तू? देवाच्या पाळण्यात कोन काय दिलं ते सांगणार का? वानरांनी स्टीलचे डबे आणले?"

"आणले तर सांगीन."

"अगं, लेकराचा पाळणा येगळा. लेकराला काय कळतंय? देवाचं म्हातारी माणसं रचून गेलीत, तेच म्हणावं. आपुन देवाला जुळवायचं म्हणजे पाप लागतंय."

"मंग गेल्या वर्षी त्याची आई बदलली, ते पुण्य होतं का?"

गिरणीत पाच बायका होत्या. पाचही हसल्या. उमाबाईचं तोंड उतरलं आणि मग तिनं जे बोलून टाकलं ते मागं घेण्यासारखं राहिलं नाही. "कर तर मंग. बाराच्या बारा कडवी बायकांनी संगट म्हणली पायजेत. एक जरी कडवं अडलं, की पुनम बॉक्स लावणार. आन् त्याच्या पुढं देवाचा पाळणा तुज्या तोंडी न्हाई. जलमभर."

"हाव," आत्या म्हणाली. गिरणी चालू होती, पण हा "हाव" सगळ्यांना ऐकू गेला.

आत्या फुशारकी मारते, पण त्या संध्याकाळी ती माझ्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात येऊन बसली तेव्हा मला कळलं, की हे तिला आतून लागलंय. गावातल्या निम्म्या पोरांची नावं तिच्या पाळण्यांतून बाहेर पडली, पण देवाच्या कामाला तिला कुणी कधी विचारलं नव्हतं. तिथं ती मागं बसून टाळी द्यायची.

"नरसिंग, लिहून घे," ती म्हणाली. मी टायपिंगला बसलो. अर्ध्या तासात फक्त "पहिल्या दिवशी" एवढंच लिहून झालं.

अडचण साधी होती. इतर देव पाळण्यात झोपतात. राम बारा दिवस निजला, कृष्ण बारा दिवस निजला. मारुती पहिल्याच सकाळी सूर्य खायला उडाला! "पयल्या दिवशीच पाळणा रिकामा," आत्या कपाळाला हात लावून म्हणाली. "दुसऱ्या दिवशी काय म्हणू? बाळ आभाळात, जो बाळा जो जो?"

मी शिकलेला माणूस. मी म्हटलं, "आत्या, जरा भारदस्त घे. 'अंजनीच्या उदरी प्रगटला वायुनंदन' असं."

"हे म्हनेपर्यंत पाळणा दोनदा येऊन जाईल. आन् शरणम्मा अव्वा 'प्रगटला'लाच खोकून मरंल."

शरणम्मा अव्वा म्हणजे आमच्या गल्लीची मोजपट्टी. वय पंच्याहत्तर, दात चार, दम थोडा, भाषा निम्मी कानडी. जी ओळ शरणम्माच्या एका दमात बसते ती ओळ पाळण्याची. जी बसत नाही ती भाषणाची.

चार दिवस आत्या दिवसांशी झुंजत होती. सूर्य बाराव्या दिवशी ढकलून पाहिला, पण मग पहिले अकरा दिवस मारुती नुसतं दूध पितोय, असं झालं. "हा मारुती हाय का आमचा वैजनाथ?" म्हणत तिनं ते सोडलं. पाचव्या दिवशी ती उमाबाईच्या घरी पाळणा बघायला गेली. मला हातात मोबाईल देऊन संगट नेलं.

उमाबाईचं घर पत्र्याचं, बुटकं. पाळणा पत्र्याच्या अँगलला टांगलेला, साखळ्या जेमतेम दीड हात. रिकामा पाळणा हलवत नाहीत, म्हणून आत्यानं आधी स्वयंपाकघरातून वरवंटा आणून आत निजवला, त्याला फडकं पांघरलं आणि मग दोरी ओढली. पाळणा टकटक गेला आणि टकटक आला.

"अगो बया," आत्या म्हणाली. "हे तर पळून राहिलंय."

आत्याचे बारशाचे पाळणे झोळीसाठी केलेले. झोळी आढ्याला लांब दोरानं टांगतात, ती सावकाश जाते आणि सावकाश येते. तेवढ्यात मामा, मावशी, कडं, सगळं मावतं. दोर आखूड की झोका घाईचा. इथं अर्धी ओळ जाताना, अर्धी येताना, एवढीच जागा. दोरी ओढणाऱ्या हाताचा जोर "जो"वर पडला पाहिजे, नाहीतर गाणं एकीकडं आणि पाळणा दुसरीकडं. आत्या दोरी ओढत बोटांवर मोजत राहिली. पाळणा जरा जास्तच वर गेला आणि वरवंटा काठापर्यंत घसरला. उमाबाई आतून ओरडली, "अगं, फेकशील त्याला!"

आत्या दोरी धरून थांबली. तिच्या चेहऱ्यावर मी असा उजेड फक्त वीज आल्यावर पाहिला होता.

"नरसिंग! दिवस न्हाई घालायचे. झोके घालायचे! पयला झोका, दुसरा झोका. बारा झोके. ते पाळण्यातच हाय आन् वर वर चाललंय. झोका मोठा व्हईल तसं आभाळ जवळ ईल!"

मग काय विचारता. तिथंच, पाळण्याशेजारी मांडी घालून तिनं पहिलं कडवं टाकलं आणि मी उभ्या उभ्या टाइप केलं:

पयला झोका उंबऱ्याशी गेला
अंजनीबाईला घाम सुटला
वाऱ्या बापानं वारा घातला
जो बाळा जो जो रे जो

बाप वाराच, म्हणून वारा घातला. मी हसलो तर म्हणाली, "हसू नको. खरंच हाय ते."

दुसरं त्याच बैठकीत झालं:

दुसरा झोका आढ्याशी गेला
शेपटीचा दोर बाळानं केला
आपला पाळणा आपुन हलविला
जो बाळा जो जो रे जो

तिसरा झोका झाडाला गेला, चौथा डोंगराला. पाचव्यात तिनं वानरांच्या बायकांना घुगऱ्या वाटायला लावल्या, स्टीलचे डबे मात्र कसोशीनं टाळले. सहाव्याला ती दोन दिवस अडली. सटवाई तर आलीच पाहिजे, पण मारुती चिरंजीव. त्याच्या कपाळावर ती काय लिहिणार? रविवारी ज्वारीचं दळण चालू असताना तिनं एकदम गिरणी बंद केली आणि दुकानात पळत आली. रांगेतल्या बायका मागं ओरडत होत्या.

सहावा झोका, सटवाई आली
कपाळावरून लेखणी फिरविली
मरणाची ओळ कोरी ऱ्हायली
जो बाळा जो जो रे जो

मी टाइप करायचा थांबलो. आत्या म्हणाली, "का? वाईट झालं का?" मी म्हटलं, "न्हाई आत्या. ऱ्हाऊ दे." ती परत गिरणीकडं पळाली.

रोज संध्याकाळी शरणम्मा अव्वाच्या ओट्यावर तपासणी. आत्या ओळ म्हणणार, अव्वा मागून म्हणणार. अव्वा खोकली की शब्द कापायचा. "आभाळमंडळाला" कापून "आभाळाला" झालं, "सूर्यनारायण" कापून "सूर्व्या" झाला. दहाव्या झोक्याला बाळानं सूर्व्याला फळ समजून घास घेतला, तेव्हा अव्वानं आपले चार दात दाखवून टाळी दिली. "साकु," ती म्हणाली, म्हणजे पुरे, आणखी घालू नको. कानडीतली तिची ती सर्वात मोठी शाबासकी. हळूहळू ओट्यावर बायका जमायला लागल्या. शेवटच्या दिवशी अकरा जणी होत्या आणि उमाबाई समोरच्या दारात उभी राहून, आपण ऐकत नाही असं दाखवत, तांदूळ निवडत होती. एकाच सुपातले तांदूळ तीन दिवस.

बारावं कडवं आत्यानं आदल्या संध्याकाळी घाईत उरकलं. बारसंच ते, हातचं काम. मी वाचलं, बरोबर वाटलं. लोकांच्या फॉर्ममधल्या चुका काढून पोट भरणारा मी, पण मलाही दिसलं नाही.

पौर्णिमेला पहाटे उमाबाईचं घर भरून वाहत होतं. उंबऱ्यात मी, हातात कडव्यांचा मोबाईल, बायकांकडं पाठ करून बसायच्या अटीवर. पाळण्याला झेंडूच्या माळा, आत नारळ, लाल टोपड्यातला. शेंडी खालच्या बाजूला ओढून घेतली होती, शेपूट म्हणून. सुंठवड्याचा वास सुटला होता. कोपऱ्यात पुनम बॉक्सच्या बटणावर बोट ठेवून तयार. उमाबाईनं तिला तिथून हलू नको म्हणून बजावलं होतं.

देवळातली घंटा वाजली, "बजरंगबली की" झालं आणि दोघी बायकांनी नारळ पाळण्याच्या वरून खालून फिरवला. "कुणी अंजनीसुत घ्या, कुणी पवनसुत घ्या." पाळण्यात ठेवला. उमाबाईनं दोरी हातात घेतली, यजमानीण तीच. आत्यानं गळा साफ केला. अट मोडून मी तिरक्या नजरेनं सगळं पाहत होतो.

"पयला झोका उंबऱ्याशी गेला..."

पहिल्या "जो"ला फक्त ओट्यावरच्या अकरा जणी होत्या. दुसऱ्याला वीस झाल्या. उमाबाईचा हात आपोआप "जो"वर पडायला लागला, दीड हाताच्या साखळीवर पाळणा अगदी ओळीत बसला. सहाव्याला कुणीतरी "अगं माय" म्हणालं. दहाव्याला इतका आवाज झाला, की देवळातली मंडळी परत गेल्या वर्षीच्या खिडकीशी येऊन उभी राहिली, पण यंदा हसायला कुणाला जागा नव्हती. अकराव्याला वज्र लागलं, बाळाची हनुवटी फुटली, बाप रुसला आणि पान हलेना. बायका अशा म्हणत होत्या, की खरंच वारं पडल्यासारखं वाटलं.

"बारावा झोका, बारसं मांडलं
आत्याबाईला आवतण धाडलं..."

आणि पाळण्याचा सूर चुकला. पुढच्या रांगेतल्या बाईनं ओळ तोंडात धरूनच विचारलं, "कोनच्या आत्याला?"

मी मोबाईलवर ती ओळ पुन्हा वाचली. मारुतीचा बाप वारा. आत्या म्हणजे बापाची बहीण. बारशाच्या सवयीनं सिंधुआत्यानं आत्याला आवतण धाडलं होतं आणि अशी आत्या कुठल्याच पोथीत नव्हती. नाव तर आत्याच ठेवते, दुसऱ्या कुणी ठेवलेलं चालत नाही. आत्या नाही म्हणजे नाव नाही, आणि नाव नाही म्हणजे पाळणा पुरा नाही.

"मावशीला घाल," एकजण पुटपुटली.

"मावशी कुठं नाव ठेवती का?"

पाळणा आपल्या आपण दोन वेळा गेला आला. उमाबाईनं दोरी सैल सोडली. खरं सांगायचं तर तिच्या चेहऱ्यावर आनंदच होता. "अडलं का न्हाई?" ती म्हणाली. "म्हणलं होतं मी. वाऱ्याला बहीन काढून राहिली! कोन येनार हाय गं आत्या म्हनून? वावटळ?"

सगळ्या हसल्या. पुनमनं बॉक्सचं बटण दाबलं, निळा दिवा लागला.

सिंधुआत्या मात्र हसली नाही. तिनं उमाबाईच्या हातावर हात ठेवला आणि दोरी दोघींच्या मुठीत एकदम ओढली.

"बारावा झोका, वावटळ आली
वाऱ्याची भईन घरात शिरली
हनुमान नाव कानात बोलली..."

मग शरणम्मा अव्वाच्या त्या चार दातांतून सर्वात आधी "जो बाळा" निघालं आणि मागून घर फुटल्यासारखं सगळं "जो जो रे जो" आलं. चैत्रात आमच्याकडं रानातून उठणारी, पत्रे उचलणारी, वाळत टाकलेल्या पापडांत माती कालवणारी ती वावटळ मारुतीची सख्खी आत्या निघाली, आणि हे इतकं खरं होतं, की आजवर कुणाला कसं सुचलं नाही याचंच सगळ्यांना आश्चर्य वाटलं. "म्हनून तर ती गरगर फिरती!" कुणीतरी ओरडली. "भाच्याचं नाव सांगत फिरती!"

"कुर्र करा! कुर्र कोन करनार?"

वावटळ काही पाळण्यापाशी वाकू शकत नव्हती. बायकांनी सिंधुआत्यालाच पुढं ढकललं. ती टोपडं बाजूला सारून नारळाच्या कानाशी, म्हणजे जिथं कान असता तिथं, वाकली आणि "कुर्र्र्र" केलं. नाव ठेवणाऱ्या आत्याच्या पाठीत धपाटे घालायचा रिवाज आहे. तीस बायकांनी तो मन लावून पाळला. पिठाचा धुरळा उडाला. सकाळी अंघोळ करून आलेली बाई, तरी कुठून पीठ निघालं देव जाणे.

पहिला धपाटा उमाबाईचा होता. सर्वात जोराचाही तिचाच.

"माजी ओळ हाय ती!" ती म्हणत होती. "वावटळ मी म्हणले! समद्यांनी ऐकलंय!"

"तुजीच हाय," आत्या वाकल्या वाकल्या म्हणाली. "पर मार मी खाऊन राहिले ना."

"मंग मारुतीच्या पाळण्यात माजं नाव घाल."

"जागा न्हाई. साखळी आखूड हाय तुज्या घरची."

उमाबाईनं आणखी एक धपाटा घातला. मग तिनं दोरी पुन्हा हातात घेतली, पदर खोचला आणि पुनमला ओरडली, "ते निळं काय पेटवलंस, बंद कर आधी. आन् नरसिंग, तू पळ आता, तुजा मोबाईल लागत न्हाई." आणि बायकांकडं वळून म्हणाली, "पयल्यापासनं घ्या. मघाशी सातव्याला कोन तरी मागं पडत व्हतं."

मी बाहेर आलो. खिडकीशी देवळातली मंडळी गुलाल माखून उभीच होती. त्यांच्यातला एक दबक्या आवाजात म्हणत होता, पयला झोका उंबऱ्याशी गेला.